निफ्टीवर ठरावीक टक्क्यांचं एन्व्हलप की बोलिंजर बँड? दोन सौद्यांचा हिशोब

देवरुखकर

नमस्कार मंडळी. मी निफ्टीच्या ईटीएफमध्ये एकच साधी पद्धत वापरतो. २० दिवसांची साधी सरासरी काढायची, तिच्या अडीच टक्के वर एक रेघ आणि अडीच टक्के खाली एक रेघ. बंद भाव खालच्या रेघेखाली गेला की घ्यायचं, आणि बंद भाव सरासरीच्या वर आला की विकायचं. फ्युचर्स नाही, उधारी नाही. रोज साडेतीननंतर पाच मिनिटांचं काम.

माझा पुतण्या म्हणतो, "काका, टक्के ठरवून रेघ मारणं जुनं झालं. बाजार शांत असो की खवळलेला, तुमची रेघ तेवढ्याच अंतरावर. बोलिंजर बँड बाजाराबरोबर आपोआप रुंद-अरुंद होतात, ते वापरा." त्याचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं. म्हणून मी माझे दोन सौदे पुन्हा काढून पाहिले. एक चांगला लागला, एक वाईट.

पहिला ४ जून २०२४, लोकसभा निकालाचा दिवस. आदल्या दिवशी निफ्टी २३,२६४ ला बंद होता, त्या दिवशी २१,८८४ ला. ५.९३ टक्के पडझड. माझी खालची रेघ २१,९३५ च्या आसपास होती, म्हणून घेतलं. दुसऱ्याच दिवशी बंद २२,६२०, सरासरीच्या वर. विकलं. सव्वातीन टक्क्यांहून थोडं जास्त सुटलं.

दुसरा ७ ऑक्टोबर २०२४. बंद २४,७९६, माझी रेघ २४,८६१. घेतलं. त्यानंतर निफ्टी सरासरीच्या वर बंद झाला तो थेट २५ नोव्हेंबरला, २४,२२२ वर. म्हणजे "सरासरीला परत आला" तेव्हा मी २.३ टक्के तोट्यात होतो, कारण मधल्या काळात सरासरीच खाली उतरली होती.

प्रश्न असा: या दोन्ही वेळी बोलिंजर वापरले असते तर काय झालं असतं? आणि ठरावीक टक्के कधी सरस ठरतात, कधी नाही, याचं काही सांगता येतं का?

---

अमोघ_बी

पुतण्या बरोबर आहे. बोलिंजरमध्ये दोन प्रमाण विचलनं घेतात, म्हणजे ९५ टक्के भाव आतच राहतात. बाहेर गेला की तो दुर्मीळ प्रसंग. तुमच्या अडीच टक्क्यांना असा काही आधार नाही. अडीचच का? तीन का नाही? ४ जूनला बोलिंजरने तर नक्कीच खरेदी दाखवली असती, एवढी मोठी पडझड होती.

---

शुभदा_नाशिक

मी वरच्या रेघेच्या बाहेर बंद झाला की घेते आणि सरासरीखाली गेला की विकते. तुम्ही अगदी उलटं करताय की! वरची रेघ तुटणं म्हणजे ताकद ना?

---

देवरुखकर

@शुभदाताई, तुमची पद्धत तेजीमागे जाण्याची आहे, माझी ताणलेलं परत येण्यावर पैसे लावण्याची. रेघा त्याच, वापर वेगळा. माझा प्रश्न फक्त परत येण्याबद्दल आहे.

@अमोघ, अडीच का, याला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. डोळ्यांना बरं दिसलं म्हणून.

---

त्रिज्या

अमोघ, ४ जूनचं तुम्ही गृहीत धरलंत, पण एकदा आकडे घालून बघा. मी आत्ता घातले. ८ मे ते ४ जून असे वीस बंद भाव (१८ मेच्या शनिवारचं विशेष सत्र धरून):

सरासरी साधारण २२,४९८. प्रमाण विचलन साधारण ३६४ अंक. दोन विचलनं म्हणजे ७२८. बोलिंजरची खालची रेघ २१,७७०.

निफ्टी बंद झाला २१,८८४ ला. म्हणजे रेघेच्या वर, बँडच्या आत. दिवसभरात भाव खाली डोकावून आला, पण बंद भावावर चालणाऱ्या माणसाला जवळपास सहा टक्के पडझडीच्या दिवशी बोलिंजरने काहीच सांगितलं नाही.

कारण साधं आहे. आदल्या दिवशी निफ्टी सव्वातीन टक्के उसळला होता आणि त्या दिवशी सहा टक्के कोसळला. हे दोन्ही दिवस विचलन मोजताना त्याच वीस दिवसांत बसले. ३१ मेला विचलन २९३ होतं, ४ जूनला ३६४. ज्या धक्क्याला मापायचं होतं, त्याच धक्क्याने माप ताणून लांब केलं. देवरुखकरकाकांची पट्टी मात्र तेवढीच राहिली, म्हणून तिला अंतर दिसलं: सरासरीच्या २.७ टक्के खाली.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर बंद भाव B रकान्यात घाला:

```
=AVERAGE(B2:B21)*0.975
=AVERAGE(B2:B21)-2*STDEV.P(B2:B21)
```

---

अमोघ_बी

STDEV.P की STDEV.S? माझ्या शीटमध्ये S आहे.

---

त्रिज्या

बोलिंजरच्या मूळ सूत्रात P, म्हणजे भागाकार २० ने, १९ ने नाही. S घेतलं तर विचलन अडीच टक्के मोठं येतं आणि रेघ आणखी खाली जाते, २१,७५१ च्या आसपास. निष्कर्ष तोच. पण चार्टच्या सॉफ्टवेअरशी तुमचे आकडे जुळत नसतील तर पहिला संशय यावर घ्या. दुसरा संशय त्या शनिवारच्या सत्रावर. काही डेटा देणारे १८ मे वगळतात, मग खिडकी एक दिवस मागे सरकते आणि सगळं थोडं हलतं.

---

दादरचा_जुना

छान चाललंय. मी १९८८ पासून आलेखाच्या कागदावर भाव मांडत आलो. तेव्हा आम्ही टक्क्यांच्याच रेघा मारायचो, कारण विचलन हाताने काढायला रोज कोण बसणार? सरासरी मात्र सोपी: कालच्या बेरजेत आजचा भाव मिळवायचा, एकविसाव्या दिवसाचा वजा करायचा, वीसने भागायचं. ट्रेसिंग पेपरवर सरासरीची रेघ उतरवायची आणि तो कागद वर-खाली सरकवून बघायचं की बहुतेक भाव कुठे मावतात. तीच रुंदी.

तेव्हा मला वाटायचं की ही गरिबांची पद्धत आहे. नंतर संगणक आला, बोलिंजर आले, मी दोन वर्षं तेच वापरले. माझ्या लक्षात एक गोष्ट आली: शांत बाजारात ते फार बडबड करतात. महिनाभर निफ्टी झोपलेला असला की बँड इतके चिकटतात की पाऊण टक्क्याची हालचालही "बाहेर गेला" म्हणून दिसते. तिथे घेऊन सरासरीला विकायचं म्हणजे हातात येणार पाऊण टक्का. त्यातून खरेदी-विक्रीतला फरक, डीपी चार्ज आणि वर अल्प मुदतीच्या नफ्यावर २० टक्के कर (२३ जुलै २०२४ पासून, आधी १५ होता). मग उरलं काय? ठरावीक टक्क्यांचा मोठा फायदा मला हाच वाटतो. सौदा घेताना समोर निदान इतकं अंतर आहे, हे आधीच कळतं.

---

त्रिज्या

जुन्याकाका, तुमचं निरीक्षण आकड्यांत कसं दिसतं बघा. समजा १९ दिवस भाव बरोबर १०० वर थिजलेला आहे आणि विसाव्या दिवशी ९९ झाला. खालची बोलिंजर रेघ ९९.५१, भाव तिच्याखाली. आता ९९ ऐवजी ९० धरा. खालची रेघ ९५.१४, भाव तिच्याखाली. दोन्हींमध्ये भाव सरासरीपासून बरोबर ४.३६ विचलनं दूर! एक टक्का पडला की दहा टक्के, बोलिंजरच्या नजरेत एकच घटना. (४.३६ हे १९ चं वर्गमूळ आहे. वीस दिवसांच्या खिडकीत शेवटचा भाव यापेक्षा लांब जाऊच शकत नाही.)

खऱ्या बाजारात भाव असा थिजत नाही, पण दिशा हीच. मधल्या शांततेने माप आखडतं आणि किरकोळ हालचाल राक्षसासारखी दिसते.

---

नलिनी_के

मी हे एका छोट्या कंपनीच्या शेअरवर करून पाहिलं. पाच टक्क्यांचं एन्व्हलप ठेवलं. तो शेअर पाच टक्क्यांच्या सर्किटमध्ये होता. तीन दिवस रोज खालचं सर्किट, विकणारे हजार, घेणारा कोणी नाही. माझी ऑर्डर पहिल्याच दिवशी भरली आणि मग मीच अडकले. सरासरीला परत आला तोवर आठ महिने गेले. तेव्हापासून या रेघांवर माझा विश्वास नाही. मी कुठे चुकले?

---

दादरचा_जुना

नलिनीताई, वाईट वाटलं वाचून. यात रेघेचा दोष कमी, जागेचा जास्त. निर्देशांकात पन्नास कंपन्या असतात, एकीची बातमी वाईट आली तर बाकीच्या सावरतात, म्हणून ताण परत येण्याला काही आधार असतो. एकट्या शेअरला बातमी लागली की नवा भाव हाच खरा भाव ठरतो. शिवाय सर्किटमुळे भाव जिथे जायचा तिथे एका दिवसात जाऊच शकत नाही. तुम्ही पाच टक्के खाली घेतलंत तेव्हा खरा भाव कदाचित पंधरा टक्के खाली होता, फक्त दिसत नव्हता.

---

अमोघ_बी

म्हणजे शेअरांसाठी बोलिंजरच बरे ना? मी तेच म्हणतोय. एखादी औषध कंपनी दिवसाला एक टक्का हलते, एखादी धातूची तीन टक्के. सगळ्यांना एकच अडीच टक्के लावणं चूक आहे.

---

त्रिज्या

हे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, अमोघ. पन्नास शेअर एका यादीत लावून "आज कोण सर्वात ताणलेलं" असं विचारायचं असेल तर विचलनात मोजणंच योग्य. टक्क्यांत मोजलं तर यादीच्या वर रोज तेच तीन उड्या मारणारे शेअर दिसतील. ठरावीक टक्के तिथे चालतात जिथे वस्तू एकच आहे, तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही आजची तुलना तिच्याच कालशी करताय.

९५ टक्क्यांचं मात्र सोडून द्या. तो आकडा घंटेच्या आकाराच्या वितरणाचा आणि स्थिर सरासरीचा आहे. इथे सरासरी स्वतः धावते, वीसच भाव आहेत आणि ते एकमेकांना चिकटलेले आहेत. रेघेला टेकणं हाच इशारा, असं जॉन बोलिंजरही म्हणत नाहीत.

---

शुभदा_नाशिक

मग काकांचा ऑक्टोबरचा सौदा? त्याचं कोणी बोललंच नाही. बोलिंजरने वाचवलं असतं का?

---

त्रिज्या

वाचवलं असतं. हे आधीच सांगायला हवं होतं, कारण ते माझ्या बाजूच्या विरुद्ध आहे.

७ ऑक्टोबरला सरासरी २५,४९९, विचलन ४२५, खालची बोलिंजर रेघ २४,६४८. बंद २४,७९६. इशारा नाही. पुढे बघत गेले. २२ ऑक्टोबरला बंद २४,४७२, रेघ २४,२१५. नाही. २५ ऑक्टोबरला बंद २४,१८१, रेघ २४,०३६. नाही. २६ सप्टेंबरला निफ्टी २६,२१६ होता. तिथून २५ ऑक्टोबरपर्यंत पावणेआठ टक्के घसरला आणि एकदाही बोलिंजरच्या खालच्या रेघेखाली बंद झाला नाही!

हे विचित्र वाटेल, पण यामागे एक सुंदर कारण आहे. भाव रोज सारख्याच अंकांनी सरळ रेषेत उतरतोय असं धरा. रोज १० अंक म्हणा. वीस दिवसांची सरासरी भावापेक्षा साडेनऊ दिवस मागे असते, म्हणजे ९५ अंक वर. त्याच वीस भावांचं विचलन ५७.७ अंक. भागाकार १.६५. आता रोज ५० अंक घ्या: सरासरी ४७५ वर, विचलन २८८. भागाकार पुन्हा १.६५. घसरण मंद असो की वेगवान, सरळ घसरणीत भाव बोलिंजरच्या भाषेत नेहमी १.६५ वरच उभा असतो आणि २ ची रेघ कधीच लागत नाही. उताराचा वेग वर-खाली दोन्हीकडून कटून जातो.

टक्क्यांच्या एन्व्हलपला हा वेग दिसतो. २४,००० च्या निफ्टीवर रोज ५० अंकांचा उतार म्हणजे सरासरीपासून दोन टक्के. रोज ६५ झाला की अडीचची रेघ तुटली.

---

देवरुखकर

थांबा, म्हणजे दोन्ही दिवशी बोलिंजर गप्पच होते? जूनला गप्प राहून नफा चुकवला, ऑक्टोबरला गप्प राहून तोटा वाचवला?

---

त्रिज्या

हो. आणि त्याहून बोचरी गोष्ट ऐका. ४ जूनला भाव सरासरीच्या १.६९ विचलनं खाली होता, ७ ऑक्टोबरला १.६५. टक्क्यांत जूनला २.७३, ऑक्टोबरला २.७६. दोन्ही पट्ट्यांवर हे दोन दिवस जुळे भाऊ आहेत! एक दिवस धक्क्याचा आणि दुसरा पुढच्या पाच महिन्यांच्या उताराची सुरुवात, हे यातल्या कुठल्याही रेघेला कळलं नाही.

---

अमोघ_बी

सरासरीचा उतार बघायचा. सरासरी खाली वळत असेल तर घ्यायचं नाही. हे सगळ्यांना माहीत आहे.

---

त्रिज्या

मीही तेच धरून बसले होते, म्हणून तपासलं. ४ ऑक्टोबरला सरासरी २५,५०२ आणि ७ ला २५,४९९. तीन अंकांचा फरक, म्हणजे सपाटच. जूनमध्येही सपाट. घेण्याच्या दिवशी उतारानेही वेगळं केलं नाही. सरासरी नंतर वळली.

---

दादरचा_जुना

कारण सरासरी वळते तेव्हा बातमी शिळी झालेली असते. मी घेण्याच्या नियमात फार शोधत नाही, विकण्याच्या नियमात शोधतो. माझा नियम: परत यायचं असेल तर लवकर येतं. दहा सत्रांत सरासरीला आलं नाही तर कारण न विचारता विकायचं. देवरुखकर, तुमच्या ७ ऑक्टोबरनंतरचं दहावं सत्र कोणतं?

---

देवरुखकर

मोजतो… ८, ९, १०, ११, १४, १५, १६, १७, १८, २१. २१ ऑक्टोबर. बंद २४,७८१. घेतलं होतं २४,७९६ ला. म्हणजे पंधरा अंकांचा तोटा, जवळपास शून्य!

---

अमोघ_बी

एका सौद्यावरून नियम ठरवायचा? अकरावं सत्र घेतलं तर २२ ऑक्टोबर, २४,४७२, सव्वा टक्क्याहून जास्त तोटा. एका दिवसाचा फरक. हा आकडा नशिबाने जुळला.

---

दादरचा_जुना

बरोबर बोललात. दहा हा पवित्र आकडा नाही. पण दहा, अकरा की बारा यापेक्षा "कधीतरी सोडायचं" हे ठरलेलं असणं मला महत्त्वाचं वाटतं. नाहीतर सरासरी तुमच्याकडे उतरत येते आणि तुम्ही समजता की भाव सरासरीकडे गेला.

---

मस्कतवासी

मी चलनाच्या व्यवहारात काम करतो, माझा अनुभव सांगतो. २०२३ चा बराच काळ डॉलर-रुपया ८२ ते ८३ च्या पट्ट्यातच फिरत होता, कारण रिझर्व्ह बँक दोन्ही बाजूंनी हात लावत होती. तिथे बोलिंजर बँड काही पैशांवर आले आणि सतत टोचत राहिले. ज्या भावामागे मुद्दाम राखणारा कोणी आहे, तिथे त्याची सहनशक्ती टक्क्यांत किंवा पैशांत असते, वीस दिवसांच्या विचलनात नसते. अशा जागी ठरावीक अंतराच्या रेघा मला जास्त खऱ्या वाटल्या. मात्र राखणाऱ्याने हात काढला की त्याच रेघा सर्वात धोक्याच्या. बँड निदान रुंद होऊन सांगतात की काहीतरी बदललं.

---

नलिनी_के

मार्च २०२० ला हे सगळं कसं चाललं होतं? कोणी होतं का तेव्हा?

---

दादरचा_जुना

मी होतो. २८ फेब्रुवारी २०२० ला निफ्टी ११,२०२ ला बंद झाला. अडीच टक्के काय, पाच टक्क्यांची रेघही तुटली होती. बोलिंजरचीही तुटली होती. दोघांनी सांगितलं घ्या. २३ मार्चला निफ्टी ७,६१०, त्या एकाच दिवशी १३ टक्के. घेतलेल्यापासून ३२ टक्के खाली. तिथे कोणती पट्टी बरी, हा प्रश्नच उरत नाही. तेव्हा मी खरेदीचा दिवसही मोजायचो, म्हणून दहा सत्रांच्या नियमाने १३ मार्चला बाहेर पडलो. तोटा झाला, पण त्यानंतरचा आठवडा मी बाहेरून पाहिला. उधारीवर घेतलं असतं तर आज इथे लिहीत नसतो.

---

शुभदा_नाशिक

काका, १३ मार्च म्हणजे तो सकाळी बाजार बंद पडला तो दिवस ना? मग दुपारी किती वर आला होता…

---

दादरचा_जुना

तोच. उघडल्या उघडल्या दहा टक्के खाली, पाऊण तास व्यवहार थांबले, आणि संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा वर बंद! मी बंद भावाला विकतो हे माझं नशीब. सकाळी घाबरून विकलं असतं तर वेगळी गोष्ट.

---

देवरुखकर

आता मूळ प्रश्नातला उरलेला भाग. अमोघने पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, अडीचच का? ते मनात टोचतंय.

---

त्रिज्या

यावर चाळीसेक वर्षांपूर्वीचा एक चांगला उपाय आहे. मार्क चेकिन आणि बॉब ब्रोगन यांनी बोमार बँड म्हणून केला होता. रुंदी मनाने ठरवायची नाही. मागच्या २५० सत्रांतले ८५ टक्के भाव जिथे मावतात तिथे रेघ. आणि वरची व खालची वेगळी, कारण बाजार वर हळू चढतो, खाली पटकन पडतो.

करायचं असं. प्रत्येक दिवसाचं सरासरीपासूनचं अंतर टक्क्यांत काढा. सरासरीच्या खालचे दिवस E रकान्यात वेगळे काढून अंतर धन अंकात लिहा. मग

```
=PERCENTILE.INC(E2:E251,0.85)
```

जो आकडा येईल ती तुमची खालची रुंदी. रकान्यातल्या रिकाम्या जागा आपोआप सुटतात. मी हे रोज करत नाही, दर तीन महिन्यांनी करते. रोज केलं तर पुन्हा तेच, माप धक्क्यामागे धावायला लागतं. वर्षाची खिडकी असल्यामुळे ४ जूनसारखा एक दिवस तिला फारसा हलवत नाही.

---

मस्कतवासी

म्हणजे हेही चंचलतेवरूनच ठरलं की! फक्त वीस दिवसांऐवजी वर्षाच्या.

---

त्रिज्या

अगदी! म्हणून मला "टक्के विरुद्ध विचलन" हे भांडण थोडं चुकीचं वाटतं. खरा फरक मापाची आठवण किती लांब आहे, हा आहे. बोलिंजर ज्या वीस दिवसांत ताण मोजतात त्याच वीस दिवसांवरून पट्टीही बनवतात. एन्व्हलपची पट्टी आधीच बनलेली असते. एका दिवसाच्या धक्क्यासाठी आधी बनलेली पट्टी हवी. हवामानच बदललं, जसं मार्च २०२० मध्ये, तर शांत वर्षावरून बनवलेली पट्टी फार आखूड पडते आणि ती सुधारायला महिने लागतात. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

---

अमोघ_बी

मी माझ्या शीटमध्ये विचलन कालच्या दिवसापर्यंतचंच घेऊन बघितलं, आजचा दिवस वगळून. ४ जूनला मग सरासरी २२,५१९, विचलन ३३९, खालची रेघ २१,८४०. तरी निफ्टी २१,८८४, आतच! मला वाटलं होतं एवढ्याने प्रश्न सुटेल. ३ जूनची उसळी आत राहिली म्हणून नाही सुटला. त्रिज्याताईंचं आता पटलं, पण शेअरांसाठी मी बोलिंजर सोडणार नाही.

---

त्रिज्या

सोडू नकाच. आणि आजचा दिवस वगळून बघणं हा फार चांगला विचार होता. चव्वेचाळीस अंकांनी हुकला.

---

देवरुखकर

मंडळी, मनापासून आभार. मी निफ्टीच्या ईटीएफसाठी टक्केच ठेवतोय, पण रुंदी आता वर्षाच्या भावांवरून काढणार, खालची वेगळी. दहा सत्रांची मुदत घालतोय. ती दहाच का हे मला अजून ठाऊक नाही, अमोघचा आक्षेप खरा आहे. मागच्या आठ-दहा वर्षांच्या सगळ्या इशाऱ्यांवर ८ ते १५ सत्रं लावून बघतो आणि इथेच टाकतो. पुतण्याला बसवलंय कामाला, तो बोलिंजरची बाजू मांडणार आहे.

---

शुभदा_नाशिक

करताना वरच्या रेघेचेही आकडे काढा ना काका. माझी पद्धत तपासायची राहिलीच आहे.

---

नलिनी_के

आणि डेटा घेताना ती शनिवारची आणि मुहूर्ताची सत्रं आहेत की नाहीत ते आधी बघा. मी आत्ता १ नोव्हेंबर २०२४ चं मुहूर्ताचं सत्र शोधलं, माझ्या फाइलमध्ये नाहीच आहे.